सहावीची विभक्ती: फणस द्वितीयेच्या टोपलीत गेला, आता काय करू?

खाडीकाठ
सोमवार, रात्री ९:४०

सिंधुदुर्गात खाडीच्या काठी एका वाडीतल्या शाळेत मी सहावीला मराठी शिकवते. वर्गात एकवीस मुलं, त्यातली निम्मी मासेमारीच्या घरांतली. विभक्तीचा तक्ता पाठ करून झाला. प्रथमेला प्रत्यय नाही, द्वितीयेला स-ला-ते, तृतीयेला ने-ए-शी, असं सगळं सुरात म्हणतात. वाक्य समोर ठेवलं की मात्र गप्प.

म्हणून आज 'रापण' खेळले. रापणीचं जाळं ओढून झाल्यावर मासळी निवडून वाटे कसे घालतात ते या मुलांना सांगावं लागत नाही. फळ्यावर नऊ वाक्यं लिहिली, त्यातले सतरा शब्द चिठ्ठ्यांवर उतरवले आणि वर्गात आठ टोपल्या मांडल्या, विभक्तीला एक. चिठ्ठी उचलायची, वाक्य वाचायचं, टोपलीत टाकायची. वाक्यं अशी होती:

दाजीने कोयत्याने शहाळं सोललं.
आजीने मांजराला माशाचं डोकं दिलं.
मावशीने मांजराला पडवीतून हाकललं.
दाजीने फणस कापला.
बाबा सकाळी होडीत बसले.
पाऊस पडला आणि विहिरीत पाणी आलं.
काका देवगडहून घरी आले.
आम्ही जेवून शाळेत गेलो.
मुलांनो, माडाखाली उभे राहू नका.

निकाल ऐका. 'फणस' आणि 'पाऊस' दोन्ही द्वितीयेत, कारण शेवटी 'स' आहे. 'जेवून' पंचमीत, कारण 'ऊन'. 'माडाखाली' सप्तमीत, कारण "बाई, जागा दाखवतंय." दोन्ही 'मांजराला' एकाच टोपलीत. 'पडवीतून' हातात धरून एक मुलगी पाच मिनिटं उभी होती. शेवटी तिने ती चिठ्ठी दप्तरात घातली.

मुलं शब्दाचं शेपूट बघतात, वाक्य बघतच नाहीत. खेळ कसा बदलू?

तक्तापाठ
सोमवार, रात्री १०:०५

मॅडम, 'सलाते सलानाते' हे सूत्र रोज दहा वेळा लिहून घ्या. एकवचन 'स ला ते', अनेकवचन 'स ला ना ते'. मी परीक्षांना असंच केलं, विभक्तीचा एकही मार्क गेला नाही. पर्यायांत 'ला' दिसला की द्वितीया किंवा चतुर्थी, दोन पर्याय तिथेच उडतात.

खाडीकाठ
सोमवार, रात्री १०:१२

पाठांतर झालंय हो, अडचण त्याच्या पुढची आहे. माझ्याकडे पर्याय नाहीत, टोपल्या आहेत. आणि 'स' दिसला म्हणून फणस द्वितीयेत गेला तो त्या सूत्रामुळेच.

सोलकढी
सोमवार, रात्री १०:३०

'मांजराला'साठी एक सोपा नियम सांगतो, माझ्या पुतण्याला लगेच कळला. सजीवाला 'ला' लागला की चतुर्थी, निर्जीवाला लागला की द्वितीया. देणं-घेणं माणसं आणि जनावरंच करतात ना.

जुनेगुरुजी
मंगळवार, सकाळी ६:५०

सोलकढी, तुमचा नियम अर्धा बरोबर आहे, पण बरोबर असलेला अर्धा तुम्ही लिहिलेला नाही.

आधी चूक दाखवतो. "आईने बाळाला उचललं." बाळ सजीव आहे, पण इथे त्याला कोणी काही दिलेलं नाही. उचलण्याची क्रिया थेट बाळावर झाली, म्हणून ते कर्म, म्हणून द्वितीया. उलट "आजीने माडाला पाणी घातलं" यात माड काही चालत-बोलत नाही, तरी पाणी त्याच्याकडे गेलं. तिथे चतुर्थी.

आता बरोबर अर्धा. मराठीत कर्म सजीव असलं की बहुतेक वेळा 'ला' घेतं, निर्जीव असलं की उघडंच राहतं. 'दाजीने फणस कापला' म्हणतो, 'फणसाला कापलं' म्हणत नाही. मावशीने मांजराला हाकललं, 'मांजर हाकललं' म्हटलं तरी कळतं, पण 'ला' जास्त सहज येतो. सजीव-निर्जीव भेदाचा उपयोग इथे आहे. 'ला' लागेल की नाही याचा अंदाज त्यावरून येतो, लागलेल्या 'ला'ची विभक्ती मात्र त्यावरून ठरत नाही.

बाई, दोन 'मांजराला' वेगळे करायला मुलांना फक्त क्रियापदाला विचारायला लावा: "काय दिलं?" उत्तर आलं 'डोकं'. म्हणजे दिलेली वस्तू वाक्यात वेगळी हजर आहे आणि मांजर ती घेणारं आहे. ते मांजर चतुर्थीत. मग दुसऱ्या वाक्यात विचारा: "काय हाकललं?" तिथे मांजराशिवाय दुसरं काही सापडतच नाही. ते मांजर द्वितीयेत.

हा गोंधळ मुलांचा नाही, आपण आणलेल्या चौकटीचा आहे. आठ विभक्तींची मांडणी संस्कृतातली. तिथे 'बालकं पश्यति' आणि 'बालकाय फलं ददाति' अशी दोन रूपं कानालाच वेगळी लागतात. मराठीत दोन्हींना 'मुलाला'. रूप एक झालं तरी कप्पे दोन राहिले.

चिंगूळ
मंगळवार, सकाळी ८:१५

बाई, तुमच्या पोरांका 'ला' घराकडे ऐकाकच गावत नाय! हय सगळा 'क'. माका, तुका, आवशीक, मांजराक. आणि 'ने'चो 'न'. दाजीन कोयत्यान शहाळा सोलल्यान.

आता पुस्तकी लिहितो. मी व्याकरणवाला नाही, बोटीवर असतो. पण माझी मुलगी सहावीत आहे आणि तिला 'ला' हा बाहेरून आलेला पाहुणा वाटतो. तुम्ही फळ्यावर एकदा 'मांजराला = मांजराक' असं लिहून बघा. प्रत्यय म्हणजे काय ते पोरं पटकन ओळखतील, कारण मागचं 'मांजरा' तसंच राहिलं आणि शेपूट तेवढं बदललं.

जुनेगुरुजी
मंगळवार, सकाळी ९:००

चिंगूळ, तुम्ही आम्हा दोघांच्या पुढे गेलात.

बाईंना हवी ती कसोटी यातच आहे. शेपूट काढा, मागे जे उरतं त्याला दुसरं शेपूट लावून बघा. 'होडीत'मधला 'त' काढला, 'होडी' उरलं. होडीने, होडीचा, सगळं लागतं, म्हणजे 'त' हा खरा प्रत्यय. 'फणस'मधला 'स' काढला तर 'फण' उरतं. फणने? फणचा? कोणी म्हणत नाही. मग तो 'स' शब्दाचाच आहे, प्रत्यय नाही. खरी द्वितीया किंवा चतुर्थी हवी असेल तर 'फणसास', तिथे मागे 'फणसा' उरतं. 'पाऊस'चं तेच. त्याला प्रत्यय लागताना तो 'पावसा' होतो.

प्रत्यय लागण्याआधी नाम हे जे रूप घेतं, त्या सामान्यरूपावर एक अख्खा तास घाला. कोयता, कोयत्या-. मासा, माशा-. विहीर, विहिरी-, आणि इथे 'हि' ऱ्हस्व होतो. मुलं 'विहीरीत' लिहितात ती चूक इथेच धरता येते. शाळा, शाळे-. भाऊ, भावा-. तक्ता त्यानंतर.

पार्ल्याची_आई
मंगळवार, दुपारी १:२०

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलगा इंग्रजी माध्यमात, वय अकरा. घरी मराठीच बोलतो पण "मांजरला दूध दे", "आंबाचा रस", "समुद्रमध्ये जाऊ" असं. प्रत्यय अगदी बरोबर, त्याआधीचं सगळं चूक. मला वाटायचं विभक्ती कच्ची आहे. गुरुजींचं वाचून वाटतंय की कच्चं आहे ते सामान्यरूप. सुट्टीत आजोळी गुहागरला पाठवते तेव्हा पंधरा दिवसांत 'आंब्याचा' येतं, जूनमध्ये परत 'आंबाचा'.

जुनेगुरुजी
मंगळवार, दुपारी २:००

बरोबर ओळखलंत. त्याला विभक्तीचा तक्ता देऊ नका. मूळ शब्द आणि सामान्यरूप अशा जोड्यांचा खेळ द्या. आणि तुमच्याच वाक्यात बघा, 'गुहागरला' लिहिलंत, 'गुहागराला' नाही.

सोलकढी
मंगळवार, दुपारी २:१०

मग गुरुजी, तुमचीच कसोटी मोडली की! 'देवगडहून'मधला 'हून' काढला तर 'देवगड' उरतो, काहीच बदललं नाही. आणि 'आजीला'मध्येसुद्धा आजी ती आजीच.

जुनेगुरुजी
मंगळवार, दुपारी २:४५

उरलेला शब्द बदललेलाच असला पाहिजे असं मी म्हटलं नव्हतं. त्याला दुसरा प्रत्यय लागला पाहिजे, एवढंच. देवगडचा, देवगडला लागतं. आजीचा, आजीने लागतं. होडी, आजी, खाडी असे ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द एकवचनात बहुधा बदलत नाहीत. गावांच्या नावांची तऱ्हा वेगळीच. 'देवगडला', 'मालवणला', 'चिपळूणला' म्हणताना नाव जसंच्या तसं राहतं, पण 'वेंगुर्ल्याला', 'पुण्याला' म्हणताना बदलतं, आणि आत शिरलो की 'चिपळुणात'.

चिंगूळ
मंगळवार, दुपारी ३:०५

आमच्याकडे 'देवगडाक', 'मालवणाक', 'कुडाळाक'. म्हणजे मालवणीत गावसुद्धा बदलतं. मग तुमच्या कसोटीला मालवणी जास्त सोयीची, नाय काय?

खाडीकाठ
मंगळवार, संध्याकाळी ७:३०

चिंगूळभाऊ, हे आजच वर्गात करून आले. फळ्याच्या एका बाजूला 'क', दुसऱ्या बाजूला 'ला'. मुलं नुसती सुटली. 'शाळेक' म्हटलं की 'शाळे' आपोआप सुटं होतं, कोणाला समजावून द्यावं लागलं नाही. उद्या अधिकारी आले आणि फळ्यावर 'आवशीक' दिसलं तर काय म्हणतील ते माहीत नाही. बघू.

पण कसोटीत दोन खड्डे सापडले, तेही मुलांनीच खणले. दुसरं शेपूट म्हणून मी 'ला' लावायला सांगितलं होतं. एकाने 'जेवून'मधून 'ऊन' काढलं, 'जेव' उरलं, त्याला 'ला' लावला, 'जेवला'! "बाई, लागला." आता काय बोलणार? मग म्हटलं 'चा' लावा. 'जेवचा' नाही होत, सुटले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, भात. 'त' काढला, 'चा' लावला. भाचा!" वर्ग पाच मिनिटं हसत होता. त्या मुलाचा खरोखरचा भाचा तिसरीत आहे.

जुनेगुरुजी
मंगळवार, रात्री ८:१०

भाच्याला माझा आशीर्वाद सांगा.

त्याला एवढंच विचारा, "हा 'भा' कोण?" 'होडीचा' म्हटलं की होडी डोळ्यासमोर येते, 'भा' म्हटलं की काहीच येत नाही. मागे उरलेलं एखाद्या वस्तूचं, माणसाचं, जागेचं नाव असलं पाहिजे. 'जेव' हे नाव नाही, क्रिया आहे, म्हणून 'जेवून' आठही टोपल्यांबाहेर. बसून, खाऊन, पोहून सगळे त्यातच. तुमचा 'जेवला'सुद्धा याच प्रश्नात अडकला असता.

तुम्हाला अजून लागला नसेल असा तिसरा खड्डा सांगून ठेवतो. 'घरी' आणि 'सकाळी'. 'ई' काढली की 'घर' आणि 'सकाळ' उरतात, 'घरा' दिसतच नाही. स्वराने सुरू होणारे प्रत्यय असे चिकटतात की सामान्यरूपाचा सांधा लपून जातो. 'घरून'चंही तसंच. तिथे कसोटीच्या मागे लागू नका. "कुठे आले?" "केव्हा बसले?" असं विचारा आणि पुढे चला.

सोलकढी
मंगळवार, रात्री ८:३०

'माडाखाली' राहिलंच. 'खाली' काढलं, 'माडा' उरलं, 'माडाचा' लागतं, माड दिसतोही. म्हणजे कसोटीत पास. मग सप्तमी म्हणायला काय हरकत? अर्थ जागेचाच आहे.

जुनेगुरुजी
मंगळवार, रात्री ९:००

हरकत अशी की 'खाली' एकटं उभं राहू शकतं. "खाली बस" म्हणता येतं, "त बस" म्हणता येत नाही. म्हणून ते शब्दयोगी, विभक्तीचा प्रत्यय नव्हे. सामान्यरूप दोघांनाही लागतं, त्यामुळे मुलं फसतात.

सोलकढी
मंगळवार, रात्री ९:०५

आणि 'साठी'? "साठी बस" म्हणता येतं का?

जुनेगुरुजी
मंगळवार, रात्री ९:२०

नाही म्हणता येत. तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. शाळेच्या पुस्तकात 'साठी' शब्दयोगीच धरतात. मराठीतल्या प्रत्ययांची आणि शब्दयोगींची सीमारेषा नीट आखता येते असं मला स्वतःला वाटत नाही. सहावीला 'खाली', 'वर', 'पुढे', 'मागे' एवढेच द्या. 'साठी' आठवीवर ढकला.

तक्तापाठ
मंगळवार, रात्री ९:४०

पण मग 'फणस'चं उत्तर काय? "दाजीने फणस कापला" यात फणस कर्म आहे ना? मग द्वितीयाच. म्हणजे त्या मुलाचं उत्तर बरोबरच होतं!

जुनेगुरुजी
मंगळवार, रात्री १०:०५

याची वाट बघत होतो. पोराचं कारण चूक होतं यावर दुमत नाही, तो 'स' फणसाचा आहे. उत्तराबद्दल मात्र दोन मतं आहेत. एक बाजू म्हणते, प्रत्यय नाही म्हणजे प्रथमा. शिवाय इथे क्रियापदही फणसाच्या मागे चालतं. कापला. भाकरी असती तर 'मोडली', शहाळं असतं तर 'सोललं'. दुसरी बाजू म्हणते, कर्म आहे म्हणून द्वितीया, प्रत्यय फक्त लोपला. मी वर्गात प्रथमा सांगायचो आणि त्याचं काम कर्माचं, असं वेगळं बोलायचो.

तक्तापाठ
मंगळवार, रात्री १०:१०

आमच्या क्लासच्या नोट्समध्ये द्वितीया आहे. परीक्षेत काय लिहायचं?

जुनेगुरुजी
मंगळवार, रात्री १०:१५

उत्तरतालिकेत जे असेल ते. मी सहावीबद्दल बोलतोय.

खाडीकाठ
शुक्रवार, रात्री ८:५०

आज रापण पुन्हा ओढली. त्याच सतरा चिठ्ठ्या, खेळ वेगळा.

या वेळी आधी टोपल्या मांडल्याच नाहीत. प्रत्येक जोडीला चिठ्ठी आणि पेन्सिल. मूळ शब्द वर लिहायचा, मग चिठ्ठीवरच्या शब्दात सांध्यावर उभी रेघ मारायची. कोयत्या | ने. माशा | चं. विहिरी | त. जिथे रेघ मारता येत नाही ती चिठ्ठी बाजूला. फणस, पाऊस आणि जेवून दहा मिनिटांत बाजूला पडले. 'घरी'पाशी दोघं भांडली, मी गुरुजींचा प्रश्न विचारला आणि सोडवलं.

मग टोपल्या आणल्या, पण आठ नाहीत. 'ला'ची एकच मोठी टोपली ठेवली. दोन्ही मांजरं आधी तिथे गेली, मग "काय दिलं?" विचारून त्यातून चतुर्थीचं मांजर वेगळं काढलं. 'ने'च्या टोपलीत 'दाजीने' आणि 'कोयत्याने' दोघं राहिले, विभक्ती एकच, तृतीया. त्यांच्यावर वेगळ्या रंगाचा ठिपका दिला, एक सोलणारा आणि एक ज्या हत्याराने सोललं ते. हे मला पूर्वी फार कठीण वाटायचं. मुलांनी सहज केलं, कोयता आपण होऊन शहाळं सोलत नाही हे त्यांना कोणी शिकवायला नको. 'माडाखाली'साठी टोपलीऐवजी एक करवंटी ठेवली. बाजूला पडलेल्यांतले 'फणस' आणि 'पाऊस' प्रथमेत घेतले, तक्तापाठ यांची माफी मागून. 'जेवून' टेबलावरच राहिलं.

राहता राहिली 'पडवीतून'. सोमवारची ती मुलगी चिठ्ठी दप्तरातून परत घेऊन आली होती, दुमडून दुमडून मऊ झालेली. तिने दोन रेघा मारल्या: पडवी | त | ऊन. म्हणाली, "बाई, मांजर आधी पडवीत होतं, मग तिथून गेलं." मी सांगितलं की शेवटचा प्रत्यय बघून पंचमीत टाक. तिने मान डोलावली, चिठ्ठी मधोमध फाडली, 'पडवीत' सप्तमीच्या टोपलीत ठेवलं आणि 'ऊन' पंचमीच्या.

चिंगूळ
शुक्रवार, रात्री ९:१०

ता चेडू माझा. दप्तरात चिठ्ठी कसली म्हणून मी चार दिवस इचारत होतंय.